स्विचला राउटर धरलं की लेयरची मोजणी का चुकते?

प्रश्न : "दादा, संगणक स्विचला, स्विच राउटरला आणि राउटर सर्व्हरला जोडलाय. एक पॅकेट संगणकाकडून सर्व्हरकडे जाताना नेटवर्क लेयरला आणि डेटा लिंक लेयरला किती वेळा भेट देईल? मी ४ आणि ६ लिहिलं, उत्तरतालिकेत ३ आणि ५ आहे. राजारामपुरीतल्या आमच्या क्लासमध्ये दोन्ही डब्यांना राउटरच म्हणतात. कुठं चुकलं?"

उत्तर : तुझी बेरीज बरोबर आहे, पण ती दोन राउटरची आहे. राउटरमध्ये पॅकेट डेटा लिंकमधून वर नेटवर्क लेयरला जातं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा डेटा लिंकला उतरतं. म्हणून त्याच्या नावावर नेटवर्कची १ आणि डेटा लिंकच्या २ भेटी. स्विच मात्र डेटा लिंकच्या वर जातच नाही. आलेल्या फ्रेमवरचा मॅक पत्ता पाहतो आणि तीच फ्रेम योग्य पोर्टातून पुढे सोडतो, म्हणून त्याची डेटा लिंकची एकच भेट धरतात. आता मोज. नेटवर्क लेयर : संगणक १, राउटर १, सर्व्हर १, मिळून ३. डेटा लिंक : संगणक १, स्विच १, राउटर २, सर्व्हर १, मिळून ५.

फरक फ्रेमवरच्या पत्त्यात स्पष्ट दिसतो. संगणक फ्रेमवर राउटरचा मॅक पत्ता घालतो, स्विचचा नाही. स्विचमधून जाताना त्या पत्त्यांना हातही लागत नाही. राउटर ती फ्रेम उतरवून नवी बनवतो, तिच्यावर स्वतःचा आणि सर्व्हरचा मॅक पत्ता घालतो आणि आतल्या पॅकेटचा टीटीएल १ ने कमी करतो.

त्यामुळे लॅबमध्ये हे तपासताही येतं. सर्व्हर लिनक्सचा असेल तर त्याचं उत्तर सहसा ६४ टीटीएलने निघतं. संगणकावरून पिंग कर, आणि उत्तर असं दिसेल :

```
TTL=63
```

तुझ्या मोजणीप्रमाणे तिथे 62 दिसायला हवं होतं. `tracert` चालवलंस तरी राउटर आणि सर्व्हर एवढ्याच ओळी येतील. स्विच त्या यादीत नसतोच.

घोटाळ्याचं मूळ घरच्या वायफायच्या डब्यात आहे, आणि तो होणं अगदी साहजिक आहे. त्या डब्याच्या मागचे लॅन पोर्ट आतल्या आत एका स्विचला जोडलेले असतात, राउटरचं काम लागतं ते बाहेर इंटरनेटकडे जाताना. तिथल्या दोन पोर्टांना लावलेले दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा तो डबा फक्त स्विच म्हणून वागतो. आपण मात्र अख्ख्या डब्याला राउटर म्हणतो, आणि मग तसाच दिसणारा कुठलाही डबा राउटर होऊन बसतो.

एक अपवाद लक्षात ठेव. 'लेयर ३ स्विच' आयपी पत्ता बघून एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पॅकेट पाठवू शकतो. प्रश्नात तो तसं काम करतोय असं दिलं असेल, तर त्याला राउटरसारखंच मोजायचं. नुसतं 'स्विच' लिहिलं असेल तर डेटा लिंकपुरताच धर.