मराठी-इंग्रजी मेसेज हिंदीत करताना नेमकं कुठं अडतं

प्रश्न: आमच्या नेरूळच्या सोसायटीत सेक्रेटरीकाका मराठी-इंग्रजी मिसळून मेसेज टाकतात. अर्ध्या लोकांना मराठी येत नाही, म्हणून ते हिंदीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. इंग्रजी शब्द मी तसेच ठेवते, तरी शेजारी म्हणतात की हे मराठीच वाटतं. इंग्रजी शब्दांना हिंदी प्रतिशब्द द्यायला हवेत का?

नाही, अजिबात नको. 'पेमेंट'चं 'भुगतान' आणि 'वॉटर टँक'ची 'जल टंकी' केलीत तर मेसेज सरकारी पत्रकासारखा वाजेल. तुमच्या शेजाऱ्यांच्या हिंदीतही हे इंग्रजी शब्द रोजचेच आहेत. अडचण त्या शब्दांना जोडणाऱ्या मराठीत आहे. मी वाशीत राहते आणि आमच्या सोसायटीसाठी हेच काम करते, तेव्हा एक मेसेज घेऊनच सांगते:

"उद्या वॉटर टँक क्लीनिंग आहे. दहा ते दोन पाणी बंद. आपण सगळ्यांनी आजच भरून ठेवूया. आणि ज्यांचं पेमेंट पेंडिंग आहे त्यांनी क्लिअर करून टाका ना प्लीज."

शब्दाला शब्द ठेवला तर असं होतं: "कल वॉटर टँक क्लीनिंग है। दस से दो पानी बंद। आप सब आज ही भरके रखो। और जिनका पेमेंट पेंडिंग है वो क्लियर कर डालो ना प्लीज।"

सगळ्यात मोठी चूक 'आपण'ची. मराठीत 'आपण ठेवूया' म्हटलं की बोलणारा स्वतःला धरून बोलतो. हिंदीतलं 'आप' म्हणजे फक्त समोरचा. सेक्रेटरीकाका म्हणत होते की मीही भरतो, तुम्हीही भरा. हिंदीत तो हुकूम झाला. ही चूक मी स्वतः केली आहे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं होतं, "कमिटीवाले पानी नहीं भरेंगे क्या?" त्यांना खरंच लागलं होतं आणि चूक पूर्ण माझी होती. तिथे 'हम सब' हवं. 'आम्ही'साठीही हिंदीत 'हम'च आहे, त्यामुळे "आम्ही टँक साफ करून घेऊ" असं कमिटीपुरतं वाक्य आलं तर 'कमिटी टैंक साफ करवा लेगी' असं नाव घेऊनच लिहावं. 'करून घेणे' म्हणजे इथे दुसऱ्याकडून करवणं, म्हणून 'करवा'.

दुसरी गोष्ट 'करून टाका'. आपल्याकडे 'टाका'मुळे काम एकदाचं संपवण्याचा अर्थ येतो, शेवटचा 'ना' ते मऊ करतो, आणि वाक्य घरच्यासारखं राहतं. 'कर डालो'ला मात्र धसमुसळेपणाचा वास येतो. हिंदीत तेच काम 'देना' करतं: 'कर दीजिए'. तसंच 'भरून ठेवूया'चं 'भरकर रख लेते हैं'. क्रियापदाच्या या शेपटीकडे मी सगळ्यात जास्त वेळ देते. "पेमेंट झालं" हे 'पेमेंट हुआ' असं उतरवलं तर वाक्य अर्धवट लटकतं, 'हो गया' म्हटलं की काम पुरं झाल्याचं कळतं. मराठीत 'पेमेंट', 'बिल', 'ऑफिस' नपुंसकलिंगी चालतात. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, हे तिन्ही पुल्लिंगी होतात. म्हणून 'बिल आया'.

"दहा ते दोन पाणी बंद" मराठीत क्रियापदाशिवाय सहज चालतं, पण हिंदीत 'कल' म्हणजे उद्याही आणि कालही. म्हणून वेळ सांगणारं क्रियापद मी मुद्दाम भरते: 'बंद रहेगा'.

"इंग्रजी शब्द तसेच" म्हणताना अक्षरंही तशीच राहतात, तेही बघा. मराठीतला 'टँक' हिंदीत 'टैंक' लिहितात, 'गॅस'चा 'गैस', 'बॅग'ची 'बैग'. ती 'ॲ'ची अर्धचंद्राची मात्रा दिसली की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे मराठीतून आलंय. तुमचे शेजारी कदाचित यालाच 'मराठी वाटतं' म्हणत असतील.

आता तोच मेसेज:

"कल वॉटर टैंक क्लीनिंग है। सुबह दस से दोपहर दो बजे तक पानी बंद रहेगा। हम सब आज ही पानी भरकर रख लेते हैं। और जिनका पेमेंट पेंडिंग है, प्लीज़ क्लियर कर दीजिए।"

'सुबह' आणि 'दोपहर' मी वाढवले. 'ना' मात्र काढला, कारण 'दीजिए'मध्ये आर्जव आलंच आहे. दोन्ही ठेवले तर लाडीगोडी लावल्यासारखं वाटतं.

इंग्रजी शब्द बदलावाच लागतो तो फक्त तेव्हाच, जेव्हा आपण त्याला आपला अर्थ दिलेला असतो. "आमचे मिस्टर चेक घेऊन येतील" यातला 'मिस्टर' म्हणजे नवरा. तिथे 'मेरे हस्बैंड' लिहा. 'लाइट बिल' मुंबईत मुरलेल्याला कळतं, पण उत्तरेतून नुकतंच आलेलं कुटुंब असेल तर 'बिजली का बिल' बरं.

पाठवण्याआधी मेसेज मोठ्याने वाचा, आणि शक्य असेल तर वॉचमनभैयांना वाचायला द्या. ते जिथे थांबून पुन्हा वाचतात, तिथे मराठी उरलेली असते. आमच्याकडचे भैया गोरखपूरचे आहेत, 'रख लेते हैं' त्यांनीच सुचवलं होतं.