व्हीएफडीने स्पीड २० टक्के कमी केला, पाणी निम्म्यावर का आलं?

प्रश्न: आमचा पंप ५० हर्ट्झला तासाला १०० घनमीटर पाणी देतो, हेड ३२ मीटर. टाकी २० मीटर उंचीवर आहे. व्हीएफडी ४० हर्ट्झवर आणला तर अ‍ॅफिनिटी लॉप्रमाणे ८० मिळायला हवे होते, मिळतात जेमतेम ५३. नियम चुकला की पंप? ८० हवे असतील तर ३३० मिलिमीटरचा इम्पेलर किती कापू?

उत्तर:

दोन्ही बरोबर आहेत. स्पीड बदलला की डिस्चार्ज त्याच प्रमाणात, हेड वर्गाने आणि पॉवर घनाने बदलते, पण हा नियम पंपाच्या कर्व्हला लागू आहे. तुमच्या पाइपलाइनला तो ठाऊक नाही. १०० आणि ३२ या बिंदूवरून नियम तुम्हाला ८० आणि २०.५ मीटर या बिंदूवर नेतो. पंप तिथे चालू शकतो, पण तुमच्या लाइनला ८० घनमीटरसाठी २०.५ मीटर पुरत नाहीत. २० मीटर तर नुसतं पाणी टाकीपर्यंत चढवायलाच लागतात, आणि ती उंची स्पीडबरोबर कमी होत नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. ३२ पैकी २० मीटर उंचीचे, उरलेले १२ घर्षणाचे. घर्षण डिस्चार्जच्या वर्गाने वाढतं. पंपाचं हेड व्हॉल्व्ह बंद असताना ४० मीटर धरलं, Q म्हणजे डिस्चार्ज, H म्हणजे हेड आणि r म्हणजे नव्या-जुन्या स्पीडचं गुणोत्तर, तर दोन समीकरणं अशी:

```
लाइन:  H = 20 + 0.0012 Q²
पंप:   H = 40 r² − 0.0008 Q²
```

पंपाच्या समीकरणात फक्त पहिल्या पदाला r² लागतो, कारण Q आणि H दोन्हींची मापं बदलली की दुसऱ्या पदातला r आपोआप कटतो. ४० हर्ट्झला r = ०.८, म्हणून पहिलं पद २५.६ होतं. दोन्ही समीकरणं समान मांडली की Q येतो ५३. तुम्ही मोजलेलाच आकडा, म्हणजे माझा ४० मीटरचा अंदाज जागेवर बसला.

तरी खात्री करून घ्या. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करून पंप काही सेकंदच चालवा (जास्त नको, आतलं पाणी तापतं) आणि गेज बघा. ५० हर्ट्झला साधारण ४ किलो, ४० हर्ट्झला साधारण २.५ किलो दिसलं तर पंप ठणठणीत आहे. मग पंप थांबवून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढचं गेज वाचा. तिथे २ किलो दिसले की तीच तुमची स्थिर उंची. यावरून आणखी एक गोष्ट निघते: ३५ हर्ट्झच्या आसपास पंपाचं हेड २० मीटरवर येतं. त्याखाली पंप फिरत राहील, पण टाकीत थेंबही पडणार नाही.

८० घनमीटरला लाइनला २७.७ मीटर लागतात. पंपाच्या समीकरणात हे घातलं की r² = ०.८२, r = ०.९०६, म्हणजे ४५.३ हर्ट्झ.

पॉवरमध्येही तीच गल्लत होते. ५० हर्ट्झला कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर शाफ्टला ११.६ किलोवॅट लागतात. ४० हर्ट्झला ८० मिळतील असं समजून घनाने काढलं तर ६ किलोवॅट येतात. पण ८० साठी लागणाऱ्या ४५.३ हर्ट्झला, कार्यक्षमता ७४ धरून, ८.२ किलोवॅट लागतील. घनमीटरमागे बचत सुमारे १२ टक्के. बिलात दिसेल, पण घनाच्या हिशोबाने वाटते तेवढी नाही.

आता इम्पेलर. तोच हिशोब व्यासाला लावला तर ३३० × ०.९०६ = २९९ मिलिमीटर. इथे थांबा. स्पीड बदलताना पंप तोच राहतो, कापताना बदलतो: इम्पेलर आणि केसिंगमधली फट वाढते, पात्यांची टोकं आखूड होतात, त्यांचा बाहेरचा कोनही बदलू शकतो. त्यामुळे हेड हिशोबापेक्षा जास्त घटतं. मी एकदा एका कारखान्यात हिशोबाचा पूर्ण ट्रिम एकाच फेरीत लेथवर उतरवला. पाणी कमी पडलं आणि नवा इम्पेलर मागवावा लागला. कापलेलं परत जोडता येत नाही.

म्हणून हिशोबातल्या ३१ मिलिमीटरच्या पाऊण भागच, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटर काढा. ३०७ वर बॅलन्सिंग करून बसवा, डिस्चार्ज मोजा, मग उरलेलं ठरवा. पंपाच्या डेटाशीटवर ३१०, ३०० अशा व्यासांचे कर्व्ह छापलेले असतील तर माझा हिशोब बाजूला ठेवा आणि ते वापरा. ते प्रत्यक्ष चाचणीचे असतात. कुठे डिस्चार्ज व्यासाच्या घनाने बदलतो असं वाचलंत तर तो नियम सगळा पंपच लहान-मोठा केल्यावरचा, ट्रिमला लावू नका.

मागणी वर्षभर ८० च राहणार असेल तर ट्रिम करा. कधी ८०, कधी १०० लागणार असेल तर इम्पेलरला हात न लावता व्हीएफडी ८० साठी ४५.३ वर आणि १०० साठी ५० वर ठेवा.