मित्राच्या लग्नासाठी फ्रेंचमधील छोटे शुभेच्छा-भाषण

प्रश्न : मित्राच्या लग्नात पेला उंचावून फ्रेंचमध्ये दोन शब्द बोलायचे आहेत, पण मी नवशिका आहे. सोपे काय बोलू?

उत्तर : चार छोटी वाक्ये पुरेशी आहेत. ‘शेर्झामी, ज सुई त्रेझरो.’ (प्रिय मित्रांनो, मला फार आनंद झाला आहे.) ‘ज व्हू सुएत बोकू द बॉनर.’ (तुम्हा दोघांना खूप सुख लाभो.) ‘लव्हों नो व्हेर!’ (आपले पेले उंचावू या.) ‘व्हीव्ह ले मारिये!’ (वधूवरांचा विजय असो.)

यातला ‘व्हू’ मात्र जपून सांभाळा. एकट्या मित्राशी आपण ‘त्यू’ म्हणजे ‘तू’ने बोलत असलो, तरी येथे शुभेच्छा दोघांना असल्यामुळे अनेकवचनी ‘व्हू’च हवे, सवयीने ‘ज त सुएत’ म्हटले, तर त्या शुभेच्छा एकालाच दिल्यासारख्या ऐकू येतात. दुसरी अडचण उच्चारांची आहे. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘स’ एरवी मूक असतो, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तो ‘झ’ होऊन त्याला चिकटतो, म्हणून ‘शेर आमी’ असे न तोडता ‘शेर्झामी’ हे एका दमात म्हणावे. ‘बॉनर’मध्ये लिहिलेला ‘ह’ उच्चारायचा नाही. घशातला ‘र’ जमला नाही, तरी आपला साधा ‘र’ सहज समजतो.

दुसरे वाक्य वधूवरांकडे पाहून म्हणा, मग क्षणभर थांबा आणि तिसऱ्या वाक्याबरोबरच पेला उचला. शेवटचे वाक्य मोठ्याने म्हणा, कारण पाहुणे तेच आपल्यामागून म्हणतात. पेल्याला पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याचा फ्रेंच रिवाज आहे, तेव्हा कागद त्याआधीच खिशात ठेवा.