वार, वेळ, जागा लिही, बाकी सगळं खोड

अरे,

तुझा मेसेज वाचला, आणि त्याखाली पाठवलेला तो लांबलचक ड्राफ्ट पण वाचला, दोनदा वाचला. संध्याकाळी 7 ला भेटायचं ठरलेलं, 6 वाजून 20 मिनिटांनी तू तिला "आज नाही जमणार, सॉरी" टाकलंस, तिचं नुसतं "ओके" आलं, आणि तेव्हापासून तू तीन तास माफीनामा लिहितोयस आणि खोडतोयस. तिला बिचारीला वर "टायपिंग" दिसत असणार आणि मग काहीच येत नसणार. पहिलं काम कर, तिचं चॅट बंद कर आणि नोट्समध्ये लिही.

आता ड्राफ्ट. त्यात सात वेळा सॉरी आहे, मी मोजले. बॉस कसा ऐनवेळी फाइल घेऊन आला, कोण सुट्टीवर होतं, तुला किती राग आला, हे सगळं आहे. "मी खूप वाईट माणूस आहे" आहे, "तू चिडलीयस ना?" आहे. आणि शेवटी काय, तर "पुन्हा नक्की भेटू, तुला कधी जमेल ते सांग." अरे बाबा! एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये तिच्या हातात काय पडलं? आधी तिची संध्याकाळ गेली, आता तुझी समजूत काढायचं काम तिच्याकडे आणि वर पुढचा दिवस शोधायचं कामही तिच्याकडेच. तुला वाटतं "तू सांग" म्हणजे तिचा मान ठेवला. नाही रे. जो मोडतो त्याने मांडायचं. वार, वेळ, जागा. हे तीन शब्द मेसेजमध्ये नसतील तर ती माफी अर्धीच आहे असं मी समजते, आणि ऐकणाराही तसंच समजतो, बोलून दाखवत नाही एवढंच.

मी हे एवढं हट्टाने का सांगतेय ते पण सांगते. मी 26 ची होते, एका मुलाबरोबर नाटकाला जायचं होतं, तिकिटं त्याने काढलेली. दुपारी बाबांना चक्कर आली, दवाखान्यात न्यावं लागलं, आणि मी त्याला फोनवर घाईत एवढंच म्हटलं, "आज जमत नाहीये, नंतर बघू." नंतर बघू! बाबा दोन दिवसांत ठीक झाले. मी वाट बघत राहिले की तो विचारेल, कारण माझं कारण खरं होतं ना, मग मी कशाला पुढे व्हायचं. तो वाट बघत राहिला की मी बोलेन. तीन वर्षांनी एका लग्नात भेटलो तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "मला वाटलं तू टाळलंस." मला तेव्हा राग आला होता त्याचा. आजही वाटतं की बाबा आजारी असताना कोणाला सुचतं दिवस आणि वेळ ठरवायला, त्या दिवशी माझी चूक नव्हतीच. पण त्यानंतरचे दिवस? दोन दिवसांनी "रविवारी 5 ला, तिथेच" एवढं म्हणायला मला कोणी अडवलं होतं? "नंतर बघू" हे नकार देणारी माणसंही म्हणतात आणि खरंच येणारीही म्हणतात, मग समोरच्याने फरक कशावरून ओळखायचा? वारावरून, वेळेवरून, जागेवरून. दुसरं काही नसतं त्याच्याकडे.

आणि एक, हे थोडं रागावून सांगतेय. 6:20 ला मेसेज नाही टाकायचा, फोन करायचा. तासाभराच्या आत रद्द करताना समोरचा माणूस निघालेला असतो. तूच सांगितलंस की ती 6 ला बसमध्ये बसली होती, म्हणजे तो मेसेज तिने अर्ध्या वाटेत वाचला. पहिलं वाक्य "मी आज पोचू शकत नाही, तू निघाली असशील तर तिथूनच परत फिर", मग बाकीचं. झालं ते झालं, पण माफी मागताना याचीच माग. नुसतं "सॉरी फॉर टुडे" नको, तिचं नेमकं काय गेलं ते लिही. ती ऑफिसातून लवकर निघाली, बसमधून उलटी फिरली, ते लिही. ते वाचलं की तिला कळतं की तुला कळलंय.

कारण एका वाक्यात, आणि खरं. लांब कारण खरं असलं तरी रचलेलं वाटतं.

आता नवा प्लॅन, आणि इथेच सगळे घसरतात. तुझ्या ड्राफ्टमध्ये आधी "उद्याच भेटू" होतं ना, मग खोडलंस, बरं केलंस. ज्या कारणाने आजचा दिवस गेला ते कारण ज्या दिवशी परत येऊ शकतं तो दिवस द्यायचाच नाही. तुझं ऑफिस संध्याकाळी अडवतं, म्हणजे आठवड्यातली कुठलीच संध्याकाळ नको. आज गुरुवार, तुला शनिवार-रविवार सुट्टी, तर शनिवारी दुपारनंतरची वेळ दे. जागा तिच्या घराजवळची, आज ती निघाली होती, आता तू जा. आणि प्लॅन आजच्यापेक्षा मोठा करू नकोस. भरपाई म्हणून दिवसभराचं काहीतरी आखलंस तर तिला नाही म्हणणं जड जाईल, आणि तुमची ही दुसरीच भेट आहे. तासभर फिरणं पुरे. पर्याय फार तर दोन, पाच दिलेस की परत निवडायचं काम तिच्यावर.

मी असं लिहिलं असतं, शब्द तुझे घाल:

"आज तुला अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं, तेही तू लवकर निघून. चुकलं माझं, आणि निदान फोन तरी करायला हवा होता. ऐनवेळी काम आलं आणि मला निघता आलं नाही. शनिवारी 5 वाजता तुझ्या घराजवळच्या बागेच्या गेटपाशी येऊ का? तासभर फिरू. शनिवार नको असेल तर रविवारी सकाळी 10, तिथेच. आणि आत्ता भेटायचं मन नसेल तर तसंही सांग, मी मागे लागणार नाही."

शेवटचं वाक्य मनापासून असेल तरच ठेव. ठेवलंस तर पाळ. ती रुसून "बघते" म्हणाली तर "चिडलीयस का" विचारायचं नाही. निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही, तर उद्या संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं, मग एकच ओळ, "शनिवारचं कळव, नाही जमलं तरी चालेल." त्यावरही काही नाही आलं तर तिथे थांबायचं, हेच तिचं उत्तर समजायचं. मला माहितीय ते किती जड जातं.

आणि हो म्हणाली तर शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी "उद्या 5, गेटपाशी, येतोय" एवढं टाक, म्हणजे तिला शनिवारी निघताना फोन चाळत बसावं लागणार नाही. दुसऱ्यांदा रद्द करायची वेळ आणू नकोस, त्यासाठी माझ्याकडे काही मेसेज नाही.

साडेनऊ वाजलेत. फार उशीर करू नको, झोपेल ती. आणि शनिवारी साडेचारला तिथे असायचं.

तुझी मावशी