बेंझोइक आम्लाचं मोलर वस्तुमान दुप्पट का येतं?

प्रश्न: बारावी, नागपूर. १.२२ ग्रॅम बेंझोइक आम्ल, १०० ग्रॅम बेंझिन, गोठणबिंदू ०.२८ अंशाने घटला. मोलर वस्तुमान १२२ ऐवजी २२३ येतंय. कुठे चुकतंय?

उत्तर: आकडेमोड बरोबर आहे. बेंझिनमध्ये या आम्लाचे दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधाने जोडले जातात आणि गोठणबिंदू फक्त कण मोजतो.

द्रावण ०.१ मोलल आहे, Kf ५.१२, म्हणजे घट ०.५१२ यायला हवी होती. आली ०.२८. भागाकार ०.५५, हाच व्हॅन्ट हॉफ गुणक i. जोड्याच बनतात असं धरलं तर i = 1 − α/2, म्हणून α सुमारे ०.९. शंभरातले नव्वद रेणू मिळून ४५ जोड्या झाल्या, दहा सुटे राहिले: एकूण ५५ कण. कण कमी, घट कमी, वस्तुमान फुगलेलं.

पाण्यात मिठाचं उलट होतं. ०.१ मोललला i साधारण १.८७, त्यामुळे ५८.५ ऐवजी ३१ येतं. पूर्ण २ येत नाही, कारण विरुद्ध आयन एकमेकांना ओढून धरतात. द्रावण पातळ करत गेलात की २ कडे सरकतं.

प्रयोग करणार असाल तर बेंझिन टाळा, ते कर्करोगकारक आहे. शिवाय ते साडेपाच अंशाला गोठतं, आपल्या नागपुरी उन्हाळ्यात बर्फ पुरवता पुरवता जीव जाईल.