चॅटवर कबूल केलेली बिलातली चूक मेलमध्ये कशी मांडायची?

प्रश्न: बिलात जुना रेट लागला हे आमच्या लक्षात आलं आणि मी ग्राहकाकडच्या खरेदीवाल्यांना लगेच चॅट केला: "सर, माफ करा, घोळ आमच्याकडूनच झालाय. नवीन मुलाने जुन्याच रेटने बिल काढलं. ४००० जास्त लागलेत. क्रेडिट नोट टाकतो, तुम्ही तेवढे कापून पेमेंट करा. पुढच्या वेळी असं होणार नाही." ते म्हणाले, अकाउंट्सला रीतसर मेल करा. बिल ४० खोक्यांचं, १२५० ने लागलंय, ठरलेला रेट ११५०, कर १० टक्के. पेमेंट अजून आलेलं नाही. मेल कसा लिहू?

उत्तर:

मेलला हात लावण्याआधी तुमच्या चॅटमधला आकडा तपासा. ४,००० हा फक्त दराचा फरक आहे: ४० खोकी गुणिले १००. पण बिलात कर १,२५० च्या दरावर लागलाय, म्हणजे तोही जास्त लागलाय. मूळ बिल ५०,००० अधिक ५,००० कर, असं ५५,००० चं. बरोबर बिल झालं असतं ४६,००० अधिक ४,६००, म्हणजे ५०,६००. फरक ४,४०० चा. चॅटवरच्या शब्दावर विसंबून समोरच्याने ४,००० कापले आणि तुमची क्रेडिट नोट ४,४०० ची निघाली, तर ग्राहकाच्या खात्यावर तुमच्याकडून ४०० चं देणं तरंगत राहतं आणि वर्षअखेरीला खातं जुळवताना कुणालाच आठवत नाही ते कशाचं. चॅटचा मेल करताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण बोलताना आपण करापूर्वीचा आकडा बोलतो आणि हिशोब करासकट होतो.

दुसरं, क्रेडिट नोट आधी काढा आणि मग मेल लिहा. "क्रेडिट नोट पाठवतो" असा मेल अकाउंट्सच्या काही कामाचा नसतो. नोटेचा क्रमांक, तारीख आणि कागद हातात नसेल तर ते मूळ बिल बाजूला ठेवून देतात आणि तुमचं पूर्ण पेमेंट अडकतं, नुसते ४,४०० नाही.

नोट काढताना एक खोच आहे. बऱ्याच हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रेडिट नोट म्हणजे माल परत आला असं गृहीत धरलेलं असतं. तुम्ही ४० नग आणि १०० दर टाकून मोकळे झालात की स्टॉकमध्ये ४० खोकी परत जमा होतात, जी गोदामात नाहीतच. तेव्हा "दरातील फरक" किंवा मालाशिवायची क्रेडिट नोट हा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर नगांच्या रकान्यात काही न टाकता नुसती रक्कम घाला आणि ४० × १०० हा हिशोब वर्णनाच्या ओळीत लिहा. नोट जतन केल्यावर त्या मालाचा शिल्लक साठा उघडून बघा. आकडा हलला असेल तर नोट चुकीच्या प्रकारात गेलीये. कराचा दरही मूळ बिलावर होता तोच लावायचा.

नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख हवीच. तो संदर्भ नसेल तर समोरच्याला ती कोणत्या बिलाला लावायची ते कळत नाही, आणि ती खात्यावर सुटी पडून राहते.

आता मेल. तो असा जाऊ द्या:

> विषय: बिल क्र. २१८, ३ जून: दरातील दुरुस्ती, क्रेडिट नोट क्र. १४, रक्कम ४,४००
>
> नमस्कार,
>
> बिल क्र. २१८ (दिनांक ३ जून) मध्ये ४० खोक्यांना आमच्याकडून १,१५० ऐवजी १,२५० हा जुना दर लागला आहे. चूक आमची आहे, त्याबद्दल दिलगीर आहोत. माल आणि नग बरोबर आहेत, फरक फक्त दराचा आहे.
>
> दुरुस्तीसाठी क्रेडिट नोट क्र. १४ (दिनांक ११ जून) सोबत जोडली आहे.
>
> दरातील फरक: ४० × १०० = ४,०००
> त्यावरील कर, १० टक्के: ४००
> क्रेडिट नोटची एकूण रक्कम: ४,४००
>
> मूळ बिल ५५,००० चे आहे. क्रेडिट नोट वजा जाता देय रक्कम ५०,६०० होते. मूळ बिल रद्द केलेले नाही, कृपया बिल आणि क्रेडिट नोट दोन्हींची नोंद घ्यावी. पेमेंटची मुदत पूर्वीप्रमाणे ३ जुलै.
>
> काल चॅटवर सांगितलेली ४,००० ही रक्कम करापूर्वीची होती. वजावट ४,४०० धरावी.
>
> याच फरकासाठी आपल्याकडून आधीच डेबिट नोट निघाली असल्यास तिचा क्रमांक कळवावा, म्हणजे वजावट दोनदा होणार नाही.

बिलाचे आणि नोटेचे क्रमांक आणि तारखा मी नमुन्यादाखल घातल्यात, तिथे तुमचे घाला.

हा मेल वाचणाऱ्याने तुमचा चॅट पाहिलेला नाही, हे धरून तो लिहिलाय. म्हणून बिलाचा क्रमांक विषयातच आहे. "आपल्या बोलण्यानुसार" किंवा "त्या बिलाबद्दल" अशी सुरुवात खरेदीवाल्यांना कळेल, अकाउंट्सला नाही. चार महिन्यांनी कुणी मेलबॉक्समध्ये २१८ शोधलं, तर हा मेल सापडायला हवा.

चॅटमधलं काय गाळलं तेही बघा. "नवीन मुलाने" हे पहिलं गेलं. ग्राहकाला चूक कुणाच्या हातून झाली याच्याशी घेणंदेणं नाही, आणि लेखी कागदावर आपल्याच माणसावर बोट ठेवणं बरं दिसत नाही. "पुढच्या वेळी असं होणार नाही" हेही काढलं. ती हमी लेखी देण्यासारखी नाही, आणि पुढच्या वेळी काही झालंच तर हाच मेल पुढे येतो. माफी मात्र ठेवलीये, पण एकदाच. काहीजण घाबरून "तांत्रिक कारणामुळे बिलात तफावत आढळून आली" असं लिहितात. माझ्या मते ते उलट अंगावर येतं. चॅटवर सरळ कबूल करून मेलमध्ये शब्द फिरवले की समोरच्याला वाटतं काहीतरी लपवताय. शिवाय तफावत कुणाची हेच त्या वाक्यातून कळत नाही, आणि नोटेवर कारण काय लिहायचं हा प्रश्न अकाउंट्सकडून परत येतो. "जुना दर लागला" एवढं कारण मेलमध्ये आणि नोटेवर एकाच शब्दांत असू द्या.

४,००० आणि ४,४०० चा खुलासा करणारी ओळ नकोशी वाटेल, पण ती काढू नका. चॅट समोरच्या फोनवर आहेच. दोन ठिकाणी दोन आकडे असले तर खरेदीवाले एक सांगतात, अकाउंट्स दुसरा धरतात.

"तेवढे कापून पेमेंट करा" याच्या जागी देय रक्कम सरळ ५०,६०० लिहिली. वजाबाकी त्यांच्यावर सोडली की कुणी ५५,००० मधून कापतं, कुणी चुकून ५०,००० मधून.

मूळ बिल रद्द नाही, ही ओळ तुमच्या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. दर किंवा नग चुकला असेल तर फरकाची क्रेडिट नोट पुरते. ग्राहकाचं नाव, करनोंदणी क्रमांक किंवा कराचा प्रकारच चुकला असेल, तर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढून नव्या क्रमांकाचं बिल द्यावं लागतं. या दोन वाटांची खिचडी करू नका. फरकाची नोटही पाठवली आणि वर "सुधारित बिल" म्हणून ५०,६०० चं पीडीएफही जोडलं, तर समोरचा सुधारित बिलातून आणखी ४,४०० कापून ४६,२०० पाठवतो, आणि त्याचं चुकलं असं म्हणताही येत नाही. त्याच २१८ क्रमांकाने दर बदलून नवं पीडीएफ पाठवणं तर टाळाच. एका क्रमांकाची दोन वेगळ्या रकमांची बिलं फिरायला लागली की कोणतं खरं, ते ठरवत बसावं लागतं.

डेबिट नोटेचा प्रश्न विचारलाय तो उगाच नाही. दर चुकल्याचं आधीच ग्राहकाच्या लक्षात आलं असेल तर त्यांनी स्वतःकडून ४,४०० ची डेबिट नोट टाकलेली असू शकते. मग त्यांच्या पुस्तकात तुमच्या खात्यावर ८,८०० वजा दिसतात आणि पेमेंट ४६,२०० येतं. वर खिचडीच्या उदाहरणात आला तोच आकडा. म्हणून पेमेंट ४६,२०० आलं की वजावट दोनदा झालीये हे ओळखा, आणि मग नोट आणि सुधारित बिल दोन्ही गेली का, की दोन नोटा पडल्या, ते तपासा.

पेमेंट आधीच पूर्ण आलं असतं तर मेलचा एकच परिच्छेद बदलला असता. देय रकमेऐवजी "४,४०० आपल्या खात्यावर जमा आहेत, परत पाठवायचे की पुढच्या बिलात वळते करायचे ते कळवावे" असं लिहायचं. उत्तर येईपर्यंत स्वतःहून पुढच्या बिलात वजा करू नका. काही ठिकाणी प्रत्येक बिलाची मंजुरी वेगळी असते आणि कमी रकमेचं बिल त्यांच्या खरेदी आदेशाशी जुळत नाही. आणि चूक उलटी असती, म्हणजे कमी दर लागला असता, तर क्रेडिट नोट कामाचीच नव्हती. फरकाचं पूरक बिल किंवा तुमच्याकडून डेबिट नोट द्यावी लागली असती.

मेल अकाउंट्सला जाऊ दे आणि खरेदीवाल्यांना प्रत ठेवा. मग त्याच चॅटवर, जुना मेसेज न पुसता, खाली एवढंच टाका: "सर, अकाउंट्सला मेल गेलाय, तुम्हाला प्रत आहे. आकडा करासकट ४४०० धरा, काल मी ४००० म्हणालो ते कराशिवायचे होते."