गिझरचा थर्मोस्टॅट किती डिग्रीवर ठेवावा?

प्रश्न: "१५ लिटरचा गिझर आहे, नॉब फुल्लवर असतो. शॉवर घेताना मध्येच एकदम चटका बसतो, बिलही जास्त येतंय. घरात तीन वर्षांची मुलगी आहे. सेटिंग किती ठेवू?"

५५ ते ६० च्या मध्ये ठेवा आणि आजच ठेवा. "फुल्लवर असतो" हे वाचल्यावर मला राहवलं नाही म्हणून बाकीचं लिहितेय.

माझी आई नाशिकला दादाकडे असते, चौदा वर्षं डायबेटिस आहे आणि गेली दोन-तीन वर्षं तळपायांना संवेदना फार कमी आहे. मागच्या डिसेंबरात मी तिकडे गेले होते, दुपारी आईच्या पायाला तेल लावायला बसले तर उजव्या पावलावर अंगठ्याच्या मागे लिंबाएवढा फोड. आई म्हणाली, "काय की, मला काही दुखलं नाही." सकाळी स्टुलावर बसून आंघोळ करताना तिने बादलीत आधी गरम पाणी सोडलं होतं, गार सोडायच्या आधीच एक तांब्या पायावर घेतला, आणि पायाला कळलंच नाही. चटका बसल्याबरोबर वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली पाय धरायचा असतो, ती वेळ कधीच निघून गेली होती. सात आठवडे ड्रेसिंग चाललं, शुगर वर असली की जखम भरत नाही हे ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मी त्याच संध्याकाळी गिझर चालू केला, लाल दिवा जाईपर्यंत थांबले, मग फक्त गरम नळ मिनिटभर सोडून स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं आणि वहिनीचा पाकाचा थर्मामीटर त्यात बुडवला. ७४ डिग्री! एवढ्या पाण्याने मोठ्या माणसाचीही कातडी सेकंदाभरात खोलवर भाजते. ६० ला साधारण पाच सेकंद मिळतात, म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळतो, ५० ला काही मिनिटं. लहान मुलांची कातडी पातळ असते, त्यांना याहून कमी वेळ लागतो. तुमच्या मुलीसाठी हा पाच सेकंदांचा हिशोब धरू नका.

दादाचं म्हणणं काय, तर "फुल्लवर ठेवलं की पाणी लवकर तापतं, म्हणून लाइट कमी जळते." हे तो लग्नाआधीपासून बोलतोय आणि बाबाही हेच म्हणायचे. साफ चूक आहे. दादाचा गिझरही १५ लिटरचाच, आतला हीटर २ किलोवॅटचा आहे, नॉब ४० वर असो की ७५ वर, तो त्याच जोराने पाणी तापवतो. थर्मोस्टॅट फक्त थांबायचं कधी ते ठरवतो. मी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून दाखवलं. सकाळी नळाचं पाणी २० डिग्री होतं, फुल्लवर दिवा जायला अठ्ठावीस मिनिटं लागली, नंतर नॉब खाली आणून ५८ वर थांबायला लावला तेव्हा वीस मिनिटं. पहिल्या वेळी जवळजवळ ०.९४ युनिट, दुसऱ्या वेळी ०.६६.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, हा सगळा फरक वाचतो असं नाही. पाणी जास्त कढत असेल तर बादलीला ते कमी लागतं. ४० डिग्रीची वीस लिटरची बादली करायला ७४ चं साधारण साडेसात लिटर पुरतं, ५८ चं साडेदहा लागतं, दोन्हीत आंघोळीपुरती वीज सारखीच. पैसे जातात ते टाकीत उरलेल्या पाण्यात. आई एकटी आंघोळ करते आणि बाकीचे तासाभराने, तेव्हा फुल्लवर साडेसात लिटर कढत पाण्याची उष्णता तशीच पडून राहते, ती ५८ वर उरणाऱ्या उष्णतेच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि टाकी जितकी गरम तितकी ती भिंतीला आणि हवेला लवकर देऊन टाकते. तुमच्याकडे सगळे पाठोपाठ आंघोळ करत असाल तर नुसत्या नॉबने बिलात मोठा फरक पडणार नाही, पण वीस मिनिटं आधी लावून आंघोळ झाली की बंद केला तर पडेल. दिवसभर चालू ठेवायचाच नाही.

नॉबवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. दादाकडे आकडा ६० वर आणला तर तांब्यात ६६ आलं, मग अजून थोडं खाली आणून परत दिवा जाऊ दिला, परत मोजलं. असं दोन-तीनदा केल्यावर ५८ मिळालं आणि तिथे मी नेलपेंटचा ठिपका लावून ठेवलाय. बोअरच्या पाण्याने आतल्या कॉइलवर खार चढला की ठिपका तोच राहून पाणी बदलतं, म्हणून वर्षातून एकदा तरी मोजा. आणि दिवा कधी जातच नसेल, नळातून वाफ फुसफुसत येत असेल, तर थर्मोस्टॅट अडकलाय, एमसीबी पाडा आणि मेकॅनिकला बोलवा, नॉब फिरवत बसू नका.

शॉवरमध्ये मध्येच चटका बसतो, तो नॉबमुळे नाही. घरात कुणी फ्लश केला किंवा वॉशिंग मशीनने पाणी ओढलं की त्याच पाइपातलं गार पाणी कमी होतं आणि शॉवरमध्ये गरम तेवढंच उरतं. पाणी ५८ चं असेल तर बाजूला व्हायला काही सेकंद मिळतात, ७४ चं असेल तर नाही. कायमचा उपाय म्हणजे शॉवरला थर्मोस्टॅटिक मिक्सर, गार पाणी कमी झालं की तो गरमही आपणच कमी करतो, महाग आहे पण मूल आहे म्हणून विचार करा. तोपर्यंत आधी गार उघडायचं, बंद करताना आधी गरम, आणि मुलीला शॉवर नको, बादलीतच, आधी गार मग गरम, नीट ढवळून स्वतःचं कोपर बुडवून बघायचं.

दोन गोष्टी राहिल्या. खूप बचत म्हणून ४५ वर नेऊ नका, कोमट टाकीत जंतू वाढतात, लिजिओनेला नावाचा जंतू कोमट पाण्यातच पोसतो, ५० च्या वर वाढत नाही आणि ६० ला लवकर मरतो, म्हणून ५५ च्या खाली मी जाणार नाही. आणि हे सगळं स्टोरेज गिझरसाठी आहे, तीन लिटरच्या इन्स्टंटमध्ये सहसा नॉबच नसतो आणि गॅस गिझरचं गणित वेगळं. बऱ्याच स्टोरेज गिझरांतही नॉब कव्हरच्या आत असतो, तिथे स्वतः स्क्रू उघडू नका, करंट आहे.

दादा अजूनही म्हणतो आईने हात घालून बघायला हवं होतं. हाताला कळतं, पायाला नाही, आणि बादलीवर वाकल्यावर पाय तिथेच असतात. आता आईच्या बाथरूमचा नॉब ठिपक्यावर आहे आणि वहिनी तो हलू देत नाही.